वगळलेल्या खो-खोपटूला पत्र लिहिताना

प्रश्न : पुण्याच्या उपनगरातल्या एका क्लबमध्ये मी कुमार गटाचा खो-खो संघ बघतो. जिल्हा स्पर्धेच्या संघातून अकरावीतल्या एका मुलाला वगळावं लागलं. सराव कधी बुडवत नाही, कष्टाळू आहे, पण आक्रमणात कमी पडतो. त्याला पत्र द्यायचं ठरवलंय. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ या एकाच ओळीभोवती ते बांधायचा विचार आहे. पानभर लिहून झालं, पण वाचलं की भाषण वाटतं. कसं लिहू?

उत्तर :

भाषण वाटतं, कारण पत्रात त्या मुलाबद्दल काहीच नाही, असा माझा अंदाज आहे. मुलाचं नाव खोडून तेच पत्र तुमच्या संघातल्या कुठल्याही मुलाला देता येतंय का ते बघा. येत असेल तर फाडून टाका.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. तो सराव बुडवत नाही हे तुम्हीच सांगता. अशा मुलाला प्रयत्नांची थोरवी ऐकवली की त्याला त्यातून एवढंच ऐकू येतं : ‘सरांना वाटतं मी मेहनत केली नाही.’ मग तो दोनपैकी एक करतो. एक तर सकाळी लवकर येऊन मैदानाला दहा फेऱ्या जास्त मारतो, ज्यांचा त्याच्या आक्रमणाशी काडीचा संबंध नसतो. किंवा महिन्याभरात ‘क्लासची वेळ बदलली’ असं सांगून यायचा बंद होतो. म्हणून पत्राचं काम प्रयत्न कर असं सांगण्याचं नाही. झालेले प्रयत्न कुठे गेले आणि पुढचे कुठे जायला हवेत, हे सांगण्याचं आहे.

अर्थात हे सगळं तो कशामुळे वगळला गेला यावर अवलंबून आहे. कौशल्यात एखादी गोष्ट कमी असेल तर प्रयत्नांवरचं वचन चालतं. पण कधी कधी मुलात काही कमी नसतं, संघाचं गणित वेगळं असतं. नऊ गडी खेळतात, संरक्षणाला तीन-तीनच्या तुकड्या उतरतात. प्रत्येक तुकडीत वेळ काढणारा एक तरी पाहिजे, आक्रमणात खांबाजवळ खात्रीने सूर मारणारे पाहिजेत. एकाच प्रकारचे चार मुलगे असले की एक चांगला मुलगाही बाहेर बसतो. त्याला प्रयत्नांचं वचन ऐकवणं हा सरळ अन्याय आहे. त्याला लिहायचं ते एवढंच की जागा एक होती आणि उमेदवार दोन. शिस्तीमुळे वगळलं असेल तर तो विषय समोर बसून बोलायचा, पत्रात सुभाषित घालून नाही. आणि वरून नाव आलं म्हणून याला काढावं लागलं असेल तर कृपा करून पत्रच लिहू नका. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना खरं कारण आपल्याआधी कळलेलं असतं.

तुमच्या प्रश्नावरून कारण आक्रमणातलं आहे असं दिसतं, म्हणून पुढचं ते धरूनच लिहितो.

आता ओळ. वामन पंडितांनी भर्तृहरीच्या नीतिशतकाचं मराठी केलं, त्यातली ही ओळ. आपण सगळे ती शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. पण तो श्लोक शेवटपर्यंत वाचा. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडून सशाचं शिंगही सापडेल, ‘परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी’. म्हणजे कधीच न होणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे आणि शेवटी मूर्ख माणूस त्याहूनही कठीण असं म्हटलं आहे. अकरावीतला मुलगा ओळ फोनवर शोधणार, त्याला पूर्ण श्लोक मिळणार. आपल्याला वाळू म्हटलंय की मूर्ख, एवढंच ठरवायचं मग त्याने.

मी अशा वेळी तुकोबांकडे जातो. ‘ओले मूळ भेदी खडकाचे अंग’ या अभंगात पुढे आहे : ‘दोरे चिरा कापे पडिला काचणी’. जुन्या वाड्यांतल्या विहिरींच्या काठाच्या दगडावर दोराच्या खाचा दिसतात, तेच हे. ही ओळ प्रशिक्षकाच्या कामाची आहे, कारण तिच्यात जोर कुठेच नाही. दोर दगडापेक्षा मऊ असतो, त्याला कोणी जोराने घासत नाही. खाच पडते ती दोर रोज त्याच जागेवरून जातो म्हणून. काठभर सगळीकडून ओढला असता तर दोरच झिजला असता. मेहनती पण मागे पडणाऱ्या बहुतेक मुलांचं हेच झालेलं असतं. ते धावणं, सूर, साखळी, जिम सगळं करतात आणि ज्या एका गोष्टीमुळे बाद ठरतात तिला आठवड्यातून पाच मिनिटंही मिळत नाहीत.

पण ही ओळ वापरायची तर ‘जागा’ तुम्हाला दाखवता आली पाहिजे. ‘आक्रमण कमी पडतं’ ही जागा नाही, तो अख्खा काठ झाला. म्हणून लेखणी उचलण्याआधी एक संध्याकाळ मोबाइल घेऊन बसा.

निवड चाचणीचं चित्रण असेल तर उत्तम, नसेल तर पुढच्या सरावात त्याचे दोन डाव घ्या. मोबाइल एका खांबामागे, मधल्या पाटीच्या रेषेत ठेवा, म्हणजे उठणाऱ्या गड्याचे खांदे दिसतात. बाजूने घेतलेल्या चित्रणात फक्त पाय दिसतात आणि पाय पाहून निम्म्या वेळा फसायला होतं. मग फक्त त्याला मिळालेले खो बघा, संथ गतीने, आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. खो मिळाल्यावर तो उठायला उशीर करतो का? उठताना खांदा कधी वळतो? आणि पुढचा खो तो वेळेवर देतो, की गडी मधली पाटी ओलांडून पलीकडे गेल्यावर देतो? एका कागदावर तीन रकाने करून खुणा करत जा. वीस-पंचवीस खो झाले की एक रकाना इतरांपेक्षा ठळक भरलेला दिसतो. तीच जागा.

कुमार गटात मला बहुतेक वेळा मधला रकाना भरलेला दिसतो. खेळाचा नियम तुम्हाला माहीत आहेच : उठलेल्या गड्याने खांदा एका खांबाकडे वळवला की त्याने दिशा घेतली, मग तो खांब गाठेपर्यंत त्याला उलट फिरता येत नाही. अधीर मुलगा खो ऐकताच उठता उठता खांदा फिरवतो. समोरचा पळणारा कसलेला असेल तर तो डोळ्यांकडे बघतच नाही, खांद्याकडे बघतो आणि शांतपणे दुसऱ्या बाजूला निघतो. आता आपला मुलगा कितीही वेगाने धावला तरी चुकीच्या दिशेला धावतोय. त्याला पुढच्या बसलेल्या गड्याला खो देऊन डाव पुन्हा जुळवावा लागतो, तोपर्यंत दोन-तीन सेकंद गेले. नऊ मिनिटांच्या डावात असं दहा-बारा वेळा झालं की जवळपास अर्धा मिनिट आपण हाताने देऊन टाकतो. गंमत म्हणजे असा मुलगा कडेने बघणाऱ्यांना सगळ्यात चपळ वाटतो. ‘सर, याला का काढलं?’ असं पालक विचारतात ते याच मुलांबद्दल.

आता पत्र. अशाच एका मुलाला मी लिहिलेलं खाली देतो. नाव आणि ओळख पटेल असं सगळं काढलं आहे. तसंच्या तसं उतरवू नका, घडण बघा.

‘चि. …,

काल मी तुला समोर सांगितलं ते आज लिहून देतोय, कारण ऐकताना तुझं लक्ष माझ्या दुसऱ्या वाक्यानंतर उडालं होतं. तसं होणं साहजिक आहे.

या वेळच्या जिल्हा संघात तू नाहीस. निर्णय माझा आहे. कारण एकच आहे आणि ते तुझ्या मेहनतीत नाही.

चाचणीच्या दोन डावांत तुला २४ खो मिळाले. त्यांपैकी १५ वेळा उठतानाच तुझा खांदा खांबाकडे वळला. त्या १५पैकी ११ वेळा पळणारा उलट्या बाजूला गेला आणि तुला लगेच खो द्यावा लागला. उरलेल्या ९ वेळा तू खांदे सरळ ठेवून उठलास आणि त्यांत तू ३ गडी मारलेस. चित्रण माझ्याकडे आहे, आपण दोघं बघू. तुझा खेळ त्या ९ खोंमध्ये आहे. संघात घेण्यासाठी मला ते ९चे निदान १८ झालेले दिसायला हवेत.

संरक्षणात तू कमी नाहीस. त्यासाठी आत्ता वेगळं काही करू नकोस.

तुकोबांची एक ओळ आहे, “दोरे चिरा कापे पडिला काचणी”. दोर रोज त्याच जागेवरून जातो म्हणून दगडाला खाच पडते. तू गेल्या वर्षभरात सगळ्या काठावरून दोर ओढलास. आता सहा आठवडे एकाच जागेवरून ओढायचा. ती जागा म्हणजे चौरसातून उठतानाचं पहिलं पाऊल.

आठवड्यातून चार दिवस, सरावाआधी वीस मिनिटं. तू चौरसात बसायचं. मागून जोडीदार हात लावून खो देईल. समोर तीन-चार मीटरवर एक जण उभा राहील आणि खो ऐकल्यावर मनाला येईल त्या बाजूला सुटेल. तू पहिलं पाऊल सरळ टाकायचं, खांदे समोर. त्याची कंबर कुठे वळली ते दिसल्यावर खांदा वळवायचा, आधी नाही. दहा वेळा झालं की दोन मिनिटं थांबायचं. असे तीन फेरे. त्याहून जास्त नको. सुरुवातीला तू हळू झाल्यासारखा वाटशील, मुलं हसतीलही. पहिले दोन आठवडे तसंच होणार, ते चालेल.

दर शनिवारी आपण वीस खो मोबाइलवर घेऊ आणि किती वेळा खांदे सरळ होते ते मोजू. सहाव्या शनिवारी वीसपैकी सोळा आले तर पुढच्या निवडीत मी तुला प्रत्यक्ष डावात आक्रमणाला खेळवून बघेन. संघात घेईनच असं म्हणत नाही, कारण बाकीची मुलंही तोवर पुढे गेलेली असतील. पण बघेन हे नक्की.

गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबायचं आणि मला सांगायचं. लपवायचं नाही.

तुझे सर’

ओळ कुठे आली आहे ते बघा. ती पत्राच्या मध्यात आहे, आकडे सांगून झाल्यावर आणि सराव सांगण्याआधी. सुरुवातीला ठेवली असती तर मुलगा पुढच्या वाईट बातमीची वाट बघत ती वाचून गेला असता. शेवटी ठेवली तर तेच पुन्हा भाषण. मध्यात ती एक काम करते : वर सांगितलेलं कारण आणि खाली येणारा सराव यांना एकाच जागी आणून बांधते. दुसरं वचन त्यात घालू नका. ‘असाध्य ते साध्य’ मलाही आवडतं, पण दोन वचनं आली की मुलगा सरावाचा भाग वगळून वचनांचा फोटो काढतो आणि स्टेटसला ठेवतो.

पत्रात दुसऱ्या कोणाचंही नाव नाही हेही पाहिलं असेल. ‘अमुकचं उठणं बघ’ असं एक वाक्य लिहायचा मोह होतो. ते पत्र रात्रीपर्यंत अख्ख्या संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असू शकतं, असं धरूनच लिहा. त्यात नाव आलेल्या मुलाचं मैदानावर काय होईल याचा विचार करा. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही पुण्याच्या मैदानांवरून आलेले. आपल्याकडच्या मुलांना तुलनेसाठी नावं आधीच भरपूर आहेत, आपण आणखी घालायची गरज नाही.

‘निर्णय माझा आहे’ हे वाक्य मात्र सोडू नका. ‘निवड समितीने ठरवलं’ असं लिहिलं की मुलगा सरावाऐवजी समितीत कोण कोण होतं याचा शोध घेऊ लागतो. समिती खरोखरच असेल तर ‘समितीत मीही होतो आणि मला ते पटलं होतं’ असं लिहा. पटलं नसेल तर तेवढा भाग गाळा, पण खोटं लिहू नका.

आकडे लिहिताना चांगली बाजूही आकड्यात सांगा. ‘तुझ्यात गुण आहेत’ हे कोणालाही म्हणता येतं. ‘खांदे सरळ ठेवलेल्या ९ खोंत ३ गडी’ हे त्याचं स्वतःचं आहे, आणि सराव केला तर काय मिळेल हेही त्यातूनच दिसतं. समजा चित्रण बघून असं दिसलं की खांदे सरळ असतानाही तो गडी मारत नाही, तर तुमचं निदान चुकलं आहे. मग अडचण वेगात किंवा सूर मारण्याच्या अंदाजात असेल. अशा वेळी पत्र थांबवा आणि पुन्हा मोजा. चुकीच्या जागेवर सहा आठवडे दोर ओढायला लावणं हे काहीच न सांगण्यापेक्षा वाईट.

तीस उठण्यांची मर्यादाही मुद्दाम घातली आहे. वगळलेला मेहनती मुलगा तीसचे शंभर करतो, हे गृहीत धरा. खाली बसून झटक्याने उठण्याचा सगळा ताण गुडघ्यावर येतो. ही मुलं उंचीने वाढत असतात, त्या वयात वाटीखालच्या हाडाच्या टोकाशी दुखणं सहज सुरू होतं, आणि दुखणं सांगितलं तर पुन्हा संधी जाईल म्हणून ती गप्प बसतात. उन्हाळ्यात मैदान टणक असतं, तेव्हा आणखी जपा. पावसाळ्यात चिखलामुळे फक्की टिकत नाही, चौरस दिसत नाहीत. तेव्हा हॉलमध्ये मॅटवर हाच सराव घ्या, पण शनिवारची मोजणी प्रत्येक वेळी एकाच पृष्ठभागावर करा. मॅटवर पाय जास्त पकडतो, मातीवर थोडा घसरतो, त्यामुळे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

पत्र कसं द्यायचं तेही सांगतो, कारण चांगलं पत्र इथेच वाया जातं. बातमी पत्रातून द्यायची नाही. यादी फळ्यावर किंवा ग्रुपवर जाण्याआधी त्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत तोंडी सांगा. जास्त समजावू नका, त्या क्षणी तो ऐकत नसतो. पत्र दुसऱ्या दिवशी द्या, हाताने लिहिलेलं, बंद पाकिटात, त्याच्याच हातात. आई-बाबांच्या फोनवर पाठवू नका. ते वाचतीलच, पण त्याने दाखवल्यावर वाचू देत. पालकांचा फोन आला तर पत्रातलेच आकडे सांगा, नवीन कारण जोडू नका. घरी एक आणि मैदानावर दुसरं कारण ऐकलं की मुलगा दोन्ही सोडून देतो.

पत्राची एक प्रत तुमच्या वहीत ठेवा. सहाव्या शनिवारी २०पैकी १६ आले की नाही एवढंच बघायचं आहे, आणि तेव्हा आपण नेमकं काय लिहिलं होतं हे तुम्हालाच आठवणार नाही. अकरा-बारा आले तर सराव आणखी तीन आठवडे चालू द्या. खांदा सुटायला काही मुलांना वेळ लागतो, विशेषतः लहानपणापासून तसंच उठायची सवय असेल तर. आठ-नऊवरच अडकला असेल तर समोरच्या मुलाला खो ऐकल्यावर लगेच सुटू न देता थोडं थांबून सुटायला सांगा, म्हणजे आपल्या मुलाला बघायला वेळ मिळतो, आणि मग ते अंतर हळूहळू कमी करत न्या. सोळा आले तर पुढच्या चाचणीत त्याला पहिल्या डावाच्या आक्रमणात बसवा, मुले दमल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत नाही.